दोन रुपयांतले एक रुपया दोन पैसे

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "मामा, हे बघ, आज बावीस सौदे केले. अकराशे पंचवीस रुपये नफा." स्क्रीनवर खरंच हिरव्या अक्षरांत +1,125 दिसत होतं. निफ्टी निर्देशांकाचा ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, दर वेळी एकच लॉट, म्हणजे ठरलेल्या संख्येचा एक गठ्ठा, घेतला की दोन-तीन मिनिटांत विकला, असा त्याचा दिवसभराचा उद्योग.

मी त्याला मेलवर आलेली कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसभराच्या सौद्यांचं बिल, उघडायला सांगितली. त्याने ती आजवर कधीच उघडली नव्हती. पॅन नंबर टाकून पीडीएफ उघडली आणि शेवटच्या पानावर गेलो. दलाली 880, बाकी कर आणि शुल्क मिळून 470. एकूण खर्च 1,350 रुपये. म्हणजे दिवसाअखेर त्याच्या खात्यातून 225 रुपये कमी झाले होते. ॲपमधला हिरवा आकडा खोटा नव्हता. तो फक्त विकत घेतल्याचा आणि विकल्याचा भाव यांतला फरक दाखवत होता. खर्च दुसऱ्या कागदावर होता.

मी काही वर्षं एका ब्रोकरच्या डीलिंग रूममध्ये बसलो आहे. त्यामुळे त्या रात्री त्याच्याशी जे बोललो, तेच इथे जरा सविस्तर मांडतो. स्काल्पिंग म्हणजे अगदी थोड्या वेळासाठी, काही सेकंद ते काही मिनिटं, सौदा धरायचा आणि भावातली छोटीशी हालचाल खिशात घालून बाहेर पडायचं. त्याबद्दल बहुतेक चर्चा चार्टवर होते. कोणता इंडिकेटर, किती मिनिटांची कँडल, असं सगळं. पण सौदा जितका छोटा, तितका चार्टचा भाग मागे पडतो आणि तीन कंटाळवाण्या गोष्टी पुढे येतात: स्प्रेड, वेग आणि खर्चाची रचना.

आधी जॉबरची गोष्ट

दलाल स्ट्रीटवर मुंबई शेअर बाजाराची रिंग भरायची तेव्हा तिथे जॉबर असायचे. जॉबर एका शेअरचे दोन भाव सांगायचा. एका भावाला मी घेईन, त्याहून थोड्या जास्त भावाला मी देईन. ज्याला लगेच विकायचं असेल त्याने जॉबरच्या कमी भावाला विकायचं आणि ज्याला लगेच घ्यायचं असेल त्याने त्याच्या जास्त भावाला घ्यायचं. मधला फरक जॉबरचा. दिवसभर असे शेकडो छोटे सौदे करून संध्याकाळी हात रिकामे करून घरी जायचं, हा त्याचा धंदा होता.

1994 मध्ये एनएसईवर शेअरचे सौदे थेट स्क्रीनवर सुरू झाले, 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारही संगणकावर गेला आणि रिंग संपली. पण ते दोन भाव गेले नाहीत. आज आपल्या ॲपमध्ये 'मार्केट डेप्थ' उघडली की डावीकडे घेणाऱ्यांचे भाव दिसतात आणि उजवीकडे विकणाऱ्यांचे. घेणाऱ्यांतला सगळ्यात वरचा भाव म्हणजे बिड, विकणाऱ्यांतला सगळ्यात खालचा म्हणजे आस्क. दोन्हींतली फट म्हणजे स्प्रेड. डीलिंग रूममध्ये अशा झटपट सौद्यांना आजही जॉबिंगच म्हणतात.

एक गोष्ट मात्र साफ उलटी झाली आहे आणि सगळं गणित तिच्यावरच उभं आहे. जॉबर स्प्रेड *कमवायचा*. घरी मोबाइलवर 'बाय' आणि मग 'सेल' दाबणारा माणूस स्प्रेड *भरतो*. दोघेही दिवसाला चाळीस सौदे करतील, दोघांनाही आपण स्काल्पर म्हणू, पण एक दुकानदार आहे आणि दुसरा गिऱ्हाईक.

एका सौद्याचा हिशेब

आकडे घेऊ. 2025 मधला एक साधा दिवस धरा. तेव्हा निफ्टीचा लॉट 75 चा होता. निफ्टीच्या चालू भावाजवळचा एक ऑप्शन 100 रुपयांच्या आसपास आहे. बिड 99.90, आस्क 100.10. म्हणजे स्प्रेड 20 पैसे. भाचा ठरवतो, दोन रुपये भाव वाढला की विकायचा, दोन रुपये पडला की तोटा घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे स्टॉपलॉस. दिसायला अगदी समतोल.

तो लगेच घेतो, म्हणजे 100.10 ला घेतो. भाव दोन रुपयांनी सरकतो, आता बिड 101.90 आणि आस्क 102.10. तो लगेच विकतो, म्हणजे 101.90 ला. बाजार दोन रुपये हलला, हाती एक रुपया ऐंशी पैसे आले. वीस पैसे स्प्रेडमध्ये गेले. ते कुठल्याही बिलावर छापून येत नाहीत.

आता बिलावर येणारा खर्च, तेव्हाच्या दरांनी. स्वस्त ब्रोकरची दलाली साधारण 20 रुपये एका ऑर्डरला, म्हणजे घेण्या-विकण्याचे मिळून 40. विकताना एसटीटी, म्हणजे सरकारचा सौदा कर. 1 ऑक्टोबर 2024 पासून तो ऑप्शनच्या प्रीमियमवर, म्हणजे ऑप्शनच्या भावावर, 0.1 टक्का झाला. त्याआधी 0.0625 होता. साडेसात हजारांच्या सौद्यावर तो होतो पावणेआठ रुपयांच्या घरात. एनएसईचं शुल्क दोन्ही बाजूंना प्रीमियमच्या 0.03503 टक्के, म्हणजे सव्वापाच रुपये. दलाली आणि या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आठ रुपये. सेबीचं शुल्क आणि स्टॅम्प ड्यूटी मिळून रुपयाचा चौथा हिस्सा. सगळी बेरीज 61 रुपये. 75 ने भागलं की एका युनिटमागे 82 पैसे.

82 पैसे खर्च आणि 20 पैसे स्प्रेड. एकूण एक रुपया दोन पैसे. दोन रुपये हलल्यावर हाती उरतात 98 पैसे. आणि बाजार उलटा दोन रुपये गेला तर खिशातून जातात तीन रुपये दोन पैसे.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा: 98 पैसे मिळकत, 3.02 रुपये नुकसान. एक चुकीचा सौदा तीन बरोबर सौद्यांची कमाई खाऊन वर थोडं मागतो. सूत्र सोपं आहे. लक्ष्य आणि स्टॉपलॉस सारखेच असतील तर किती टक्के सौदे बरोबर यायला हवेत ते असं निघतं:

```
(2 + 1.02) / (2 + 2) = 75.5%
```

म्हणजे शंभरातले सुमारे 76 सौदे बरोबर आले तर हात जेमतेम कोरडे राहतात. खर्च नसता तर पन्नासला भागलं असतं. भाच्याला वाटत होतं की साठ टक्के अचूकता असली की आपण जिंकलो. ते वाटणं वावगं नव्हतं, पण ते खर्च नसलेल्या बाजारासाठी खरं होतं.

याच सूत्रात लक्ष्य आणि स्टॉपलॉस सहा-सहा रुपयांचे घाला. 58.5 टक्के. वीस-वीस रुपयांचे घाला. 52.6 टक्के. खर्च तोच, स्प्रेड तोच, माणूस तोच. फक्त सौद्याची लांबी वाढली आणि तोच एक रुपया दोन पैसे नगण्य झाला. फार थोड्या वेळाचे सौदे खर्चावर अवलंबून असतात असं म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच. हालचाल लहान करता येते, खर्च तिच्याबरोबर लहान होत नाही.

दलाली कशी आकारली जाते, यावर खेळ बदलतो

इथे एक बारीक गोष्ट आहे. 61 रुपयांतला मोठा हिस्सा, म्हणजे 40 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, हा ठोक खर्च आहे. एक लॉट घ्या की दहा, ऑर्डरला वीसच. दहा लॉट घेतले तर एकूण खर्च होतो सुमारे 189 रुपये आणि तो 750 युनिट्सवर वाटला जातो. युनिटमागे 25 पैसे. 82 चे 25 झाले. स्प्रेड धरून लागणारी अचूकता 75.5 वरून 61 टक्क्यांवर आली.

त्यामुळे ठोक दलालीत लहान स्काल्परचं सर्वाधिक नुकसान होतं आणि त्याला लॉट वाढवण्याचा मोह होतो. कागदावर ते बरोबरही दिसतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक तर 7,500 च्या जागी 75,000 रुपये एका सौद्यात लागतात आणि स्टॉपलॉस 150 ऐवजी 1,500 चा होतो. दुसरं म्हणजे आस्कच्या पहिल्या भावाला तेवढा माल असतोच असं नाही. 100.10 ला तीनशे युनिट्स असतील, बाकीचे 100.15 आणि 100.25 ला मिळतील. दलालीत वाचवलेले पैसे भावात जातात. याला स्लिपेज म्हणतात. निफ्टीच्या चालू भावाजवळच्या ऑप्शनमध्ये ही अडचण सहसा कमी असते. लांबच्या स्ट्राइकला, म्हणजे ज्याचा ठरलेला भाव चालू निफ्टीपासून दूर आहे अशा ऑप्शनला, किंवा एखाद्या शेअरच्या ऑप्शनमध्ये स्प्रेडच रुपया-दीड रुपया असू शकतो. तिथे स्काल्पिंगचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही ब्रोकर शून्य दलाली देतात. तीच बेरीज दलाली काढून केली तर एका लॉटचा खर्च 14 रुपयांवर येतो, युनिटमागे 19 पैसे. लागणारी अचूकता साठ टक्के. म्हणजे शून्य दलालीने फार मोठा फरक पडतो, पण उरलेले 19 पैसे कुणालाच माफ नाहीत. त्यात कर आहे, एक्स्चेंजचं शुल्क आहे.

कर कशावर लागतो हेही तितकंच महत्त्वाचं. ऑप्शनमध्ये एसटीटी प्रीमियमवर लागतो, म्हणजे शंभर रुपयांवर. फ्युचरमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरलेल्या भावाला करताना, तो पूर्ण सौद्याच्या किमतीवर लागतो. निफ्टी 25,000 वर असेल तर 75 च्या एका लॉटची किंमत पावणेएकोणीस लाख. 2025 मधल्या 0.02 टक्के दराने विकताना 375 रुपये एसटीटी. बाकी सगळं धरून एका फेरीला साधारण 540 रुपये, म्हणजे निफ्टी सव्वासात पॉइंट आपल्या बाजूने हलल्याशिवाय एक रुपयाही सुटत नव्हता. उलट चालू भावाजवळचा ऑप्शन निफ्टीच्या साधारण निम्म्याने हलतो. त्यामुळे एक रुपया दोन पैशांचा खर्च वसूल व्हायला निफ्टीचे दोन पॉइंट पुरतात. भावात काही सेकंदांत दोन-तीन पॉइंटची हालचाल पकडणारे लोक फ्युचर सोडून ऑप्शनकडे का वळले, त्याचं एक मोठं कारण या साध्या भागाकारात आहे.

दर बदलत राहतात, लॉटही बदलतो. वरचे आकडे पाठ करून उपयोग नाही. आपल्या कालच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा एकूण खर्च घ्यायचा, त्याला विकलेल्या एकूण युनिट्सनी भागायचं. जो आकडा येईल त्यात स्प्रेड मिळवला की तो आपला खरा उंबरा.

वेग: हरलेली शर्यत कोणती आणि उरलेली कोणती

वेगाबद्दल बोलायला लागलं की लोक लगेच इंटरनेटचा प्लॅन बदलायच्या गोष्टी करतात. थोडं मोजून बघू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून मुंबईला दीडशे किलोमीटर धरले तर एक हजारांश सेकंदही लागत नाही. अंतर हा घरच्या माणसाचा प्रश्नच नाही. डोळ्याने भाव पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला दोनशे ते अडीचशे हजारांश सेकंद लागतात. त्याआधी ॲपवर दिसणारा भाव सेकंदाला काही वेळाच ताजा होतो, मधले कितीतरी बदल आपल्याला दिसतच नाहीत. बटण दाबल्यावर ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते, तिथे पैसे पुरेसे आहेत का हे तपासलं जातं आणि मग ती एक्स्चेंजकडे जाते. आपण बघतो ते मागे पडलेलं चित्र असतं आणि आपण पोचतो तोवर ते आणखी मागे पडलेलं असतं.

दुसऱ्या टोकाला वांद्रे-कुर्ला संकुलात एनएसईच्या आवारातच मोठ्या ब्रोकरांचे आणि स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्यांचे संगणक ठेवलेले असतात. याला को-लोकेशन म्हणतात. तिथे प्रत्येक ऑर्डरचा, प्रत्येक बदलाचा डेटा येतो आणि निर्णय माणूस घेत नाही, प्रोग्रॅम घेतो. त्यांचा वेळ हजारांश सेकंदात नाही, त्याच्याही हजाराव्या भागात मोजला जातो. ही शर्यत संपलेली आहे. बातमी आली, निफ्टी हलला आणि ऑप्शनचा भाव अजून मागे आहे, तो पकडू, असं घरून ठरवणं व्यर्थ आहे. तो भाव आपल्याला दिसतोय म्हणजेच तो घेऊन झालेला आहे.

हेच दर वेळी नव्याने दिसतं रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दिवशी. घोषणा सकाळी दहाला असते. दहाच्या काही सेकंद आधी मार्केट डेप्थ उघडून बसा. एरवी पाच-दहा पैशांवर रांगा लावून उभ्या असलेल्या ऑर्डरी पातळ होत जातात, स्प्रेड रुंदावतो. दुकानदार बातमीच्या क्षणी शटर खाली करतात, कारण चुकीच्या भावाला माल गळ्यात पडायची भीती त्यांनाही असते. त्या क्षणी मिळेल त्या भावाची, म्हणजे मार्केट ऑर्डर टाकणारा जो भाव भरतो, तो वीस पैशांच्या स्प्रेडच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

मग कुणी म्हणेल, लगेच घ्यायचंच नाही. आपणही जॉबरसारखी रांगेत ऑर्डर लावू, 99.90 ला घ्यायची लिमिट ऑर्डर टाकू आणि स्प्रेड वाचवू. हा विचार योग्य दिशेचा आहे, आणि म्हणूनच त्यातला सापळा नीट समजून घ्यायला हवा.

एक्स्चेंजवर नियम असा: आधी चांगला भाव, आणि भाव सारखाच असेल तर जो आधी आला तो. समजा 99.90 ला आधीच सहा हजार युनिट्सच्या ऑर्डरी उभ्या आहेत. भाच्याची 75 ची ऑर्डर त्यांच्या मागे लागली. आता दोन शक्यता. भाव वर जायचा असेल तर विकणारे 99.90 पर्यंत खाली येतच नाहीत. रांगेतल्या पुढच्यांना थोडा माल मिळतो, भाव निघून जातो आणि भाच्याची ऑर्डर तशीच पडून राहते. भाव खाली जायचा असेल तर विकणारे धडाधड माल टाकतात, सहा हजार युनिट्सची पूर्ण रांग रिकामी होते आणि सर्वांत शेवटी भाच्याला माल मिळतो. त्याच क्षणी बिड 99.60 झालेली असते.

म्हणजे रांगेच्या शेपटाला उभा असलेला माणूस बरोबर असतो तेव्हा त्याला माल मिळत नाही, आणि चुकीचा असतो तेव्हा हमखास मिळतो. वेगाचा खरा उपयोग इथे आहे. वेगवान संगणक नवा भाव तयार होताच रांगेत पुढे उभा राहतो आणि धोका दिसताच ऑर्डर मागे घेतो. रांगेतली जागा हीच त्याची मालमत्ता. घरच्या माणसाकडे ती जागा नसते आणि ऑर्डर मागे घ्यायलाही त्याला उशीर होतो.

आणि दुकानदारही निव्वळ फटीवर जगत नाहीत. शंभर रुपयांच्या ऑप्शनवर दलाली शून्य धरली तरी कर आणि शुल्क मिळून अठरा-एकोणीस पैसे जातात हे आपण पाहिलं. स्प्रेड पाच-दहा पैशांचा असताना ते एका स्ट्राइकचा भाव दुसऱ्या स्ट्राइकशी, फ्युचरशी सतत ताडत असतात आणि एकीकडे घेतलेला धोका दुसरीकडे झाकतात. त्या कामाला यंत्र लागतं. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा ताळेबंदच आहे. 2023-24 मध्ये स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्यांनी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये खर्च वजा करण्याआधी सुमारे 33,000 कोटी कमावले आणि त्यांतले 96 टक्के यंत्रांनी केलेल्या सौद्यांतून आले. त्याच अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, आणि या लोकांनी मिळून केवळ सौद्यांच्या खर्चापोटी सुमारे 50,000 कोटी रुपये भरले. त्यातले 51 टक्के दलाली आणि 20 टक्के एक्स्चेंजचं शुल्क.

स्टॉपलॉसचा भाव मिळत नाही तेव्हा

एक गोष्ट भाच्याला माहीतच नव्हती, आणि बऱ्याच जणांना नसते. सप्टेंबर 2021 मध्ये एनएसईने ऑप्शन्समध्ये स्टॉपलॉसची मार्केट ऑर्डर बंद केली. आता ट्रिगरबरोबर लिमिट भावही द्यावा लागतो. म्हणजे समजा 98 ला ट्रिगर, 97.80 ची लिमिट. भाव 98 ला आला, ऑर्डर जागी झाली. पण पुढचा सौदा थेट 97.40 ला झाला तर आपली 97.80 ची विक्री तशीच टांगलेली राहते आणि भाव खाली जात राहतो. लिमिट खूप खाली द्यावी तर स्लिपेज वाढतं, जवळ द्यावी तर ऑर्डर सुटण्याचा धोका. दोन रुपयांच्या स्टॉपलॉसमध्ये ही वीस-चाळीस पैशांची निवड म्हणजे दहा-वीस टक्क्यांचा प्रश्न आहे. वीस रुपयांच्या स्टॉपलॉसमध्ये तो एक-दोन टक्क्यांचा असतो.

शिवाय आपला स्टॉपलॉस जिथे असतो, तिथे सहसा बऱ्याच जणांचा असतो. सगळे एकाच दाराकडे पळतात.

वही

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. पुढचे पन्नास सौदे एकच लॉट, दोन रुपयांचं लक्ष्य, दोन रुपयांचा स्टॉपलॉस. चारच रकाने. बटण दाबताना स्क्रीनवर दिसलेला भाव, प्रत्यक्ष मिळालेला भाव, बाहेर पडताना दिसलेला, आणि मिळालेला. घेताना आस्क लिहायचा, विकताना बिड, म्हणजे स्प्रेड आधीच धरलेला आणि उरतो तो फक्त उशिराचा दंड. सगळं ॲपच्या ऑर्डर बुकमध्ये असतं, फक्त दिसलेला भाव तेवढा हाताने टिपावा लागतो. त्यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंग लावून ठेवायचं आणि संध्याकाळी बघायचं.

दोन आठवड्यांनी त्याने वहीचे फोटो पाठवले. घेताना सरासरी 15 पैसे जास्त मोजले होते. नफ्यात विकताना 10 पैसे कमी मिळाले होते. स्टॉपलॉसला विकताना मात्र 45 पैसे कमी. मी हा फरक बघायलाच सांगितलं होतं. नफ्यात आपण निवांत विकतो, तेव्हा घेणारे असतात. तोट्यात आपण पळत असतो आणि घेणारे बाजूला झालेले असतात. वेगाचा खर्च दोन्हीकडे सारखा पडत नाही.

हे आकडे हिशेबात घातले. बरोबर सौद्यातले 98 पैसे आता 73 झाले. चुकीच्या सौद्यातलं नुकसान 3.02 वरून 3.62 वर गेलं. लागणारी अचूकता 83 टक्के. त्याचे पन्नासपैकी 31 सौदे बरोबर आले होते, म्हणजे 62 टक्के. दिशा ओळखण्यात तो नाण्यापेक्षा नक्कीच बरा होता. तरी 31 वेळा 73 पैसे आणि 19 वेळा 3.62 रुपये यांची वजाबाकी केली की युनिटमागे 46 रुपयांचा तोटा निघतो. 75 ने गुणलं की साडेतीन हजारांच्या आसपास.

फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मामा, माझा अंदाज चुकत नव्हता."

"नव्हता चुकत. तू फार छोट्या हालचालीवर तो खर्च करत होतास."

त्यानंतरच्या आठवड्यात त्याने सहाच सौदे केले, बारा रुपयांचं लक्ष्य, बारा रुपयांचा स्टॉपलॉस. पूर्ण आठवड्याचा बिलावरचा खर्च पावणेचारशेच्या आसपास, पूर्वी तो एका दिवसात बाराशे-तेराशे जायचा. नफा-तोट्याबद्दल मी त्याला काहीच विचारलं नाही, सहा सौद्यांवरून ते कळतही नाही. वहीतले चार रकाने मात्र त्याने भरले होते, आणि पाचवा रकाना स्वतःहून आखला होता: कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा खर्च, युनिटमागे पैशांत.